अनुभव सांगा: कोटेशनात नुसता आकडा, चलन नाही, आणि तुलना तर करायचीय

शिरोली_खरेदी: फाउंड्रीच्या सँड प्लांटसाठी मॉइश्चर प्रोब घ्यायचाय. पुण्याच्या डीलरचे 1,62,000, तर जर्मनीहून आलेल्या मेलमध्ये फक्त '1.850'. तुलनेचा तक्ता साहेबांना आजच हवाय. अशा वेळी तुम्ही काय करता?

कागल_फाइव्हस्टार: जर्मनीचा माल म्हणजे युरोच. लावा दर आणि मोकळे व्हा.

उद्यमनगरकर: पत्ता जर्मनीचा असला तरी निर्यातीचा भाव बरेच जण डॉलरमध्ये देतात. हिशेबासाठी युरो 90 आणि डॉलर 85 धरा. युरो असेल तर 1,66,500, म्हणजे पुणं स्वस्त. डॉलर असेल तर 1,57,250, म्हणजे जर्मनी स्वस्त. तुमचे 1,62,000 बरोबर मधे बसतात, त्यामुळे अंदाजावर नंबर लावला तर निकालच फिरतो. मेल करून विचारा, तोवर तक्त्यात 'चलन बाकी' लिहा.
आणि तो टिंब बघा. तिकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम देतात. आपल्या सेटिंगच्या एक्सेलमध्ये '1.850' टाकलं की 1.85 होतं. '1.850,00' टाकलं तर तो मजकूर धरला जातो आणि SUM त्याला गाळतं, तेही न सांगता.

गूळवाला: आमच्या मार्केट यार्डात सौद्यात 4,500 म्हटलं की क्विंटलचाच भाव. कुणी विचारत नाही. तुम्ही रेट किलोचा की नगाचा ते बघा आधी.

उद्यमनगरकर: दादा, एकक वेगळं, चलन वेगळं. यार्डात सगळेच रुपयात बोलतात म्हणून तिथं चालतं. पण एककही विचारून घ्यावं, हे खरं.

गोकुळशिरगाव_अकाउंट्स: नुसतं $ आलं तरी भागत नाही, सिंगापूर, हाँगकाँगचेही डॉलरच. ¥ येन की युआन तेही कळत नाही. तीन अक्षरी कोडच मागा. पुरवठादाराकडून अशी ओळ लिहून घ्या:

```
EUR 1850.00 / pc, EXW, valid till: ____
```

एक्सेलमध्ये 'चलन' हा कॉलम वेगळा ठेवा. सेलला फॉरमॅटनं दिलेलं चिन्ह नुसतं दिसण्यापुरतं असतं. Paste Special मध्ये Values निवडलं की ते मागेच राहतं आणि युरो-रुपये एकाच रांगेत बसतात.
EXW असेल तर भाडं, विमा, कस्टम्स ड्यूटी वर धरा. GST चं क्रेडिट मिळणार असेल तर तुलनेत तो दोन्हीकडून वगळा, नाहीतर एका बाजूला कर आणि दुसरीकडे नाही असं होतं.

शिरोली_खरेदी: दर कुठल्या दिवसाचा धरायचा?

गोकुळशिरगाव_अकाउंट्स: बँकेचा TT सेलिंग. पैसे त्याच दरानं जातात. रेफरन्स रेट धरला तर परदेशी माल आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो.

कागल_फाइव्हस्टार: पण पेमेंट दोन महिन्यांनी असेल तर आजचा TT तरी काय कामाचा? आम्ही दोन टक्के वर धरतो.

गोकुळशिरगाव_अकाउंट्स: दोनच का, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.