मदत हवी आहे: वायफायची रेंज फुल, पण रात्री स्पीड ६ एमबीपीएस (कांदिवली, टॉवरमधला फ्लॅट)

वर्षा_कांदिवली:
नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे वैतागलेय. १७ मजली बिल्डिंग, आम्ही नवव्या मजल्यावर, २ बीएचके. प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटर मेन डोअरजवळ चपलांच्या कपाटावर, कारण फायबरवाल्याने तिथेच वायर सोडली. माझं ऑफिसचं काम आतल्या बेडरूममधून चालतं. दुपारी ठीक असतं, पण साडेआठ वाजले की कॉल तुटायला लागतात, स्पीड टेस्ट कधी ६ कधी ९, आणि लॅपटॉपवर रेंज मात्र पूर्ण दिसते. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, लॅन केबल लावून १९४ दाखवले आणि म्हणाला आमच्याकडून ओके आहे. भावाने फोनमधल्या ॲपवर बघून चॅनेल ४ लावून दिला, तिथे कोणीच नव्हतं म्हणून, त्यानंतर तर अजूनच बिघडल्यासारखं वाटतंय. नवीन राउटर घेऊ का?

प्रथमेश_डी:
राउटर बदलू नका, ५ गिगाहर्ट्झवर जा, फरक पडेल. चॅनेल ४ बरोबर आहे, रिकामा असेल तोच घ्यायचा असतो. आणि बेडरूमच्या दारात एक रिपीटर लावा, दीड-दोन हजारात येतो.

नाना_गिरगाव:
आमच्याकडे पण सेम. ५जी फोन घेतला मुलाने तरी खोलीत एकच दांडी, खिडकीत गेलं की बरं. टॉवर लांब असणार तुमचा.

वर्षा_कांदिवली:
नाना, मोबाईलचं नेटवर्क नाही हो, घरातल्या वायफायचं म्हणतेय.

एअरटाइम_सचिन:
मी हॉटेलं आणि ऑफिसांत वायफाय बसवण्याचं काम करतो. राउटर घ्यायच्या आधी आज रात्री त्रास होत असतानाच बेडरूममधून हे चालवा. राउटरचा ॲड्रेस वेगळा असेल तर तो टाका:

```
ping -n 60 192.168.1.1
netsh wlan show interfaces
netsh wlan show networks mode=bssid
```

पहिल्या कमांडमध्ये बाहेरचं इंटरनेट येतच नाही, फक्त लॅपटॉप ते राउटर एवढंच. तिथेच आकडा २-३ मिलिसेकंदावरून २००-३०० वर उड्या मारत असेल तर कंपनीवाला खरं बोलतोय, घोळ हवेत आहे. विंडोजच्या यादीत सगळं दिसलं नाही तर भावाच्या ॲपमधलं पण लिहा.

वर्षा_कांदिवली:
केलं. पिंग ४, ५, १८०, ३१२, मध्येच टाइमआउट. लॅपटॉप चॅनेल ४ वर, Signal 91%. ॲप धरून २.४ वर एकूण ३१ नावं दिसतात: चॅनेल १ वर ९, सहावर १४, अकरावर ६, उरलेली दोन म्हणजे माझं ४ वर आणि कोणाचं तरी ३ वर. ५ वर कमी आहेत, ३६ वर ८ आणि १४९ वर २. माझं ३६ वरच.

एअरटाइम_सचिन:
मग चित्र स्पष्ट आहे. ९१ टक्के म्हणजे तुमचा राउटर तुम्हाला मोठ्याने ऐकू येतोय, बस. हवा किती मोकळी आहे हे त्यातून कळत नाही.

प्रथमेश, चॅनेल ४ बद्दल नाही पटत. २.४ मध्ये दोन शेजारच्या चॅनेलमध्ये ५ मेगाहर्ट्झचंच अंतर असतं आणि नेटवर्क पसरतं २० मध्ये, म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच राहतात, १, ६ आणि ११. चार वर बसलं की चॅनेल १ चाही धूर येतो आणि ६ चाही. आणि खरा तोटा पुढे आहे. त्याच चॅनेलवरचा शेजारी अगदी हलक्या आवाजात बोलला तरी राउटरला ते वायफाय म्हणून ओळखू येतं, तो थांबतो आणि आपली पाळी आल्यावर बोलतो. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचं बोलणं त्याला नुसता गोंगाट वाटतं, तो खूप मोठा असेल तरच थांबतो, नाहीतर त्याच्यावरच बोलतो. मग पॅकेट फुटतं, परत पाठवायचं, परत फुटतं. तुमचे टाइमआउट बहुतेक तिथूनच येतायत.

पण सहावर गेलात तरी सुख नाही. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण १० वेळा स्वतःचं नाव हवेत सोडतो, आणि २.४ वर बरेच राउटर ते १ एमबीपीएसने सोडतात, म्हणजे एका वेळी अंदाजे २ मिलिसेकंद. चौदा राउटर गुणिले दहा गुणिले दोन, झाले २८० मिलिसेकंद. सेकंदातला पाव भाग कोणी काहीही न बघता गेला. त्यावर साडेआठला सगळ्यांचे टीव्ही सुरू होतात. सोसायटीला एकच लिफ्ट असल्यासारखं आहे, आणि त्यात एखादा लांबचा जुना टीव्ही हळू स्पीडवर जोडलेला असेल तर तो सामान चढवत बसणाऱ्या माणसासारखा लिफ्ट अडवतो, मागच्यांना वाट बघावी लागते.

प्रथमेश_डी:
ओके, हे माहीत नव्हतं. पण मग रिपीटर?

एअरटाइम_सचिन:
साधा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा. गर्दी वाढणार. लॅन केबल ओढून बेडरूममध्ये दुसरा ॲक्सेस पॉइंट लावला तर गोष्ट वेगळी.

वर्षाताई, आधी फुकटचं करा. दोन्ही बँडची नावं वेगळी ठेवा. कुठल्या नेटवर्कला चिकटायचं हे शेवटी फोन किंवा लॅपटॉप ठरवतो, राउटर फार तर ढकलू शकतो. लिफ्टमधून बाहेर आलात की फोनला २.४ आधी ऐकू येतं, तो जोडला जातो आणि मग सोडत नाही. ॲपलने तरी लिहूनच ठेवलंय की आयफोन सिग्नल −७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत दुसरं शोधत नाही, इतरांचे आकडे वेगळे असतील. २ बीएचकेत २.४ तेवढं पडतच नाही, मग तो कशाला हलेल? म्हणून लॅपटॉप आणि फोनमधून २.४ चं नाव विसरायला लावा.

५ चा चॅनेल १४९ करा, रुंदी ८० ठेवून बघा, रात्री अडखळलं तर ४०. भिंतीत ५ लवकर मरतं ही तक्रार खरी आहे, पण वरच्या-खालच्यांचं पण तसंच मरतं, टॉवरमध्ये त्याचा फायदाच होतो. २.४ वर फक्त टीव्ही, दारावरची बेल वगैरे ठेवा, चॅनेल ११, रुंदी २० सक्तीने. ४० ठेवलं तर तुम्ही शेजाऱ्यांचं नुकसान कराल.

नाना_गिरगाव:
आमच्या चाळीत भिंती दीड फुटी आहेत, मुलाने ५ लावलं तर दुसऱ्या खोलीत काहीच येईना. आम्हाला २.४ च बरं मग.

एअरटाइम_सचिन:
नाना, तुमच्याकडे बरोबर आहे, किंवा केबल टाकून दुसऱ्या खोलीत ॲक्सेस पॉइंट.

वर्षा_कांदिवली:
चार दिवसांनी लिहितेय. सगळं केलं. रात्री साडेनऊला हॉलमध्ये १३०, बेडरूममध्ये ८० वर ठेवलं तर ३५ ते ६० असं हलत होतं, ४० केल्यावर ४८ च्या आसपास टिकलं. राउटरला पिंग ३ ते १२. काल दोन तासांचा कॉल एकदाही तुटला नाही, खरंच खूप आभार!! राउटर कपाटावरून काढून पॅसेजच्या भिंतीवर चार फूट आत आणला, त्याने किती फरक पडला ते कळायला मार्ग नाही कारण त्याच दिवशी केलं.

एक राहिलं. आधी चॅनेल ऑटोवर होता तेव्हा कधीतरी ५ चं नावच यादीतून एखादा मिनिट गायब व्हायचं. ते काय होतं?

एअरटाइम_सचिन:
तेव्हा ऑटोने ५२ ते १४४ मधला चॅनेल घेतला असू शकतो. ते रडारबरोबर वाटून घ्यायचे चॅनेल. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला तो सोडावा लागतो, आणि तसल्या नव्या चॅनेलवर बोलायच्या आधी किमान ६० सेकंद गप्प बसून ऐकावं लागतं. तुमच्या वर्णनाशी जुळतंय, पण लॉग न बघता छातीठोक सांगणार नाही. ऑटोवर असताना गायब होण्याआधी कुठल्या चॅनेलवर होतं, आठवतंय का?

वर्षा_कांदिवली:
नाही ना, तेव्हा बघितलंच नव्हतं. लॉग राउटरमध्ये कुठे सापडतो ते शोधते आणि इथेच टाकते. आणि सोसायटीच्या ग्रुपवर १, ६, ११ चं लिहिलंय, पण अजून दोघांनीच विचारलं कसं बदलायचं म्हणून. त्यातले एक चॅनेल ३ वाले, आमच्या बरोबर खालचे.