मदत हवी आहे: केएमपीमध्ये दुसरी जुळणी सुटते

शोधयात्री: केएमपी पद्धतीने `aabaaab` हा नमुना शोधत आहे. `aabaaabaaab` या मजकुरात तो 0 आणि 4 या दोन्ही स्थानांवर आहे, परंतु मला फक्त 0 मिळते. फेल्युअर टेबल मी हाताने तयार केले असून ते तपासून पाहिले आहे. कृपया लवकर सांगावे, काम अडले आहे.

रिकामी_ओळ: टेबल आणि कोड दोन्ही दिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. पूर्ण जुळणीनंतर आपण `k` शून्य करत असाल, हे बहुधा कारण आहे.

मुक्तछंद: एवढ्या लहान नमुन्यासाठी हा खटाटोप कशाला करावा? प्रत्येक स्थानापासून सरळ तुलना करावी, किंवा नमुना मोठा असेल तर बॉयर-मूर वापरावी. ती बरीच अक्षरे वगळून पुढे जाते.

शोधयात्री: मजकूर सिरियल पोर्टवरून एकेक अक्षर येतो आणि वाचलेले अक्षर मी साठवून ठेवत नाही, त्यामुळे मागे जाण्याचा प्रश्नच नाही आणि पुढची अक्षरे आधी पाहताही येत नाहीत. `k` मी शून्य करत नाही. टेबल `0 1 0 1 2 1 0` असे आहे. नियम सरळ आहे: अक्षर जुळले तर मागच्या आकड्यात एक मिळवायचा, नाही जुळले तर नमुन्याच्या पहिल्या अक्षराशी तुलना करायची. कोड असा आहे:

```
k = 0
for i, c in enumerate(source):
    while k > 0 and c != p[k]:
        k = f[k-1]
    if c == p[k]:
        k += 1
    if k == m:
        print(i - m + 1)
        k = f[k-1]
```

रिकामी_ओळ: कोडमध्ये शून्य लिहिलेले नाही हे खरे, पण `f[6]` हेच शून्य असल्यामुळे परिणाम तोच होतो.

जुना_सभासद: कोड बरोबर आहे, दोष टेबलच्या नियमात आहे. `f[4]` पर्यंत आपले आकडे ठीक आहेत. तिथे 2 आहे, म्हणजे `aabaa` च्या दोन्ही टोकांना `aa` आहे. पुढचे अक्षर `p[5]` हे `a` असून त्याची तुलना `p[2]` शी, म्हणजे `b` शी होते आणि ती फसते. इथे आपण थेट पहिल्या अक्षरावर उतरलात आणि 1 लिहिलेत. परंतु जुळलेल्या `aa` च्या पोटातही एक लहान जुळणी दडलेली आहे आणि ती `f[1]`, म्हणजे 1, सांगते. म्हणून आधी `p[1]` शी तुलना करायला हवी. तेही `a` आहे, त्यामुळे `f[5]` 2 होते. `aabaaa` च्या दोन्ही टोकांना `aa` आहे, हे डोळ्यांनीही दिसते. मग `p[6]` चा `b` हा `p[2]` शी जुळतो आणि `f[6]` 3 होते. योग्य टेबल `0 1 0 1 2 2 3` असे आहे. आपल्या कोडमधला `while` मजकुरासाठी जे करतो, तेच टेबल भरताना नमुन्यावर करायचे असते.

आता 6 व्या अक्षरावर पहिली जुळणी पूर्ण झाली की `k` 3 वर राहतो, कारण शेवटचे `aab` पुढच्या जुळणीची सुरुवात म्हणून आधीच वाचून झालेले आहे. उरलेली चार अक्षरे `k` ला 7 वर नेतात आणि 4 हे स्थान मिळते.

गणकयंत्र: दोघांचीही टेबले चुकीची वाटतात. माझ्याकडे याच नमुन्याचे टेबल `-1 0 1 0 1 2 2` असे आहे.

जुना_सभासद: तेच आकडे एक घर उजवीकडे सरकवून आरंभी -1 ठेवले आहेत. ती मांडणीही चालते, मात्र कोडमध्ये `f[k-1]` ऐवजी `f[k]` लिहावे लागते आणि -1 वेगळे हाताळावे लागते. शिवाय सरकवताना शेवटचा 3 गळून पडला आहे. एकापेक्षा जास्त जुळण्या हव्या असतील तर तो आठव्या घरात ठेवावाच लागेल.

पाऊलवाट: माझ्या कामात एकमेकांवर चढलेल्या जुळण्या मोजायच्याच नव्हत्या, म्हणून मी जुळणीनंतर मुद्दाम `k = 0` ठेवले. तेच बरोबर आहे.

रिकामी_ओळ: ते आपल्या कामापुरते बरोबर आहे, प्रश्नकर्त्याला 4 हे स्थान हवेच आहे.

शोधयात्री: नव्या टेबलने दोन्ही स्थाने मिळाली, आभारी आहे. पण मी प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा जास्तीत जास्त एकने मोठा आहे की नाही हे तपासले होते, तरीही चूक कशी सापडली नाही?

जुना_सभासद: कारण ती तपासणी फक्त काही अवाजवी मोठे आकडे पकडते. आकडा खरा हवा त्यापेक्षा मोठा असेल तर नसलेली जुळणी दाखवली जाऊ शकते, आणि लहान असेल तर असलेली सुटू शकते. आपले आकडे लहान होते. हाताने टेबल केले असेल तर प्रत्येक घरासाठी दोन्ही टोकांचे तुकडे लिहून पाहावेत आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा लांब तुकडा जुळत नाही ना, हेही पाहावे.

मुक्तछंद: नमुना चाळीस अक्षरांचा असेल तर हे हाताने कोण करणार? टेबल प्रोग्रॅमनेच भरून घ्यावे, असे माझे मत कायम आहे.

शोधयात्री: माझे नमुने ठरलेले आणि लहान आहेत, म्हणून टेबल आधीच लिहून ठेवायचे आहे. एकाच वेळी दोन नमुने शोधायचे झाल्यास दोन स्वतंत्र `k` ठेवणे पुरेसे होईल का?