'सध्या' हा शब्द जपून वापरा
"बढती मिळतेय, पण दुसऱ्या शहरात. साहेबांना न दुखावता नाही कसं कळवू?"

आधी समोर भेटून सांगा, मेल त्याच दिवशी नंतर. थेट मेलमधून कळलं की माणसाला लागतं. मी एकदा 'सध्या जमणार नाही' असं लिहिलं. साहेबांनी तीन महिने जागा अडवून ठेवली आणि पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा नाही म्हणणं फार जड गेलं. कारणही एकच द्या, खरं. चार दिलीत तर एकेकावर तोडगा सुचवला जातो. आज मी असं लिहीन: 'माझा विचार केलात, मनापासून आभार. आईच्या आजारपणामुळे मी शहर सोडू शकत नाही, म्हणून ही जागा स्वीकारत नाही. इथे जबाबदारी वाढली तर आवडेल.' शेवटचं वाक्य खरोखर मनात असेल तरच. आणि मुदत संपायची वाट पाहू नका, त्यांनाही दुसऱ्या कुणाला विचारायचं असतं.