मदत हवी आहे : रजेच्या काळातील आपोआप उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या तारखा मी ईमेलवर देतो. मागच्या रजेत मी ‘पाच दिवसांनी परत येईन’ असे लिहिले होते. तिसऱ्या दिवशी मेल करणाऱ्याने तिथून पुढे पाच दिवस मोजले आणि त्याची भरलेली गाडी अंगणातच उभी राहिली. चूक माझीच. म्हणून आता ‘बुधवार, १७ डिसेंबरला रुजू होईन, त्याआधीची तारीख बदलायची असल्यासच सहकाऱ्यांना फोन करावा’ असे लिहिले आहे.

अडचण अशी की शेवटच्या दोन दिवसांसाठी फोन नंबर वेगळा आहे आणि जीमेलचे Vacation responder एकाच व्यक्तीला साधारण चार दिवसांतून एकदाच उत्तर पाठवते. मग दोन्ही नंबर तारखांसह सुरुवातीपासूनच द्यावेत, की मधेच मजकूर बदलावा? कृपया अनुभव सांगावा.