सुधारणा झाली, पण गाणाऱ्या बाईचं घर कुणाच्या नावावर गेलं?

विसूभाऊ
देवदासी, नायकिणी, कलावंतिणी ही प्रथा कायद्याने बंद झाली हे चांगलंच झालं असं माझं मत आहे. गाणं काही बुडालं नाही, उलट ते मैफलीत आलं, रेडिओवर आलं. तरी हल्ली जो तो सुधारकांनाच नावं ठेवतो. त्यांनी नेमकं काय बिघडवलं, कुणी उदाहरण देऊन सांगेल का?

दप्तरदार
मी वारसाहक्काचं सांगतो, कारण या बायकांचा समाजातला वट गळ्याइतकाच मिळकतीवर उभा होता. नायकिणीच्या घरात मिळकत आईकडून मुलीकडे जायची. पोटची मुलगी नसेल तर एखादी दत्तक घ्यायची, तिला गाणं-नाच शिकवायचा, आणि आई गेली की घर, दागिने, देणीघेणी सगळं तिच्याकडे यायचं. भाऊ त्याच घरात राहून तबला-सारंगी वाजवायचे, पण कर्ती बाईच असायची. त्याच काळात एकत्र कुटुंबातल्या घरंदाज विधवेला पोटगीपलीकडे काही मागता येत नव्हतं. तिचा हक्क कायद्यात यायला 1937 साल उजाडलं.

1880 मध्ये मुंबई हायकोर्टात मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण हा दावा चालला. मथुराचं म्हणणं साधं होतं: मी दत्तक मुलगी, मला वाटा द्या. आमच्यात अशी रीत आहे, हा तिचा आधार. न्यायमूर्ती वेस्ट यांनी रीत मानली नाही. जी रीत अनीतीच्या धंद्याला धरून आहे तिला कोर्ट बळ देणार नाही, असा निकालाचा गाभा. मथुराच्या हाती काही आलं नाही.

आता बघा, या निकालाने नायकिणीचा धंदा बंद झाला का? नाही. तिच्याकडे येणाऱ्या शेठजींना कुणी काही बोललं का? तेही नाही. फक्त तिच्या पश्चात दत्तक मुलीचा हक्क गेला. मद्रास हायकोर्टाने त्याच दशकात नाचणाऱ्या बायकांची दत्तकं मान्य केली, म्हणजे दुसरा रस्ता कायद्यात होता. मद्रासच्या सुधारक मंडळींनी नाचाच्या बैठकांवर बहिष्कार घाला, सरकारी समारंभांत नाच ठेवू नका, असे अर्ज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरला दिले ते 1893 मध्ये. त्यामुळे 'बिघडवलं' याची सुरुवात मी चळवळीपासून करत नाही, कोर्टापासून करतो.

रोहिणी
दप्तरदार, तुम्ही मथुराच्या वाट्याचं सांगितलंत. मथुराला दत्तक घेतलं तेव्हा तिचं वय काय असेल? तिला कुणी विचारलं होतं? 1860 च्या दंडसंहितेत 372 आणि 373 ही कलमं आली ती अल्पवयीन मुलींच्या अशाच खरेदी-विक्रीसाठी. कोर्टाला दत्तकविधीमागे तो व्यवहार दिसला तर त्यात चूक काय?

आणि घर, दागिने, साजिंदे ही मूठभर घरांची गोष्ट आहे. खंडोबाच्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी यांच्याकडे कसली आलीय मिळकत? बहुतेक दलित घरातल्या मुली, गळ्यात दर्शनाची माळ बांधली की गावाला मोकळ्या. शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात याविरुद्ध रान उठवलं तेव्हा 1909 मध्ये शिवूबाई या मुरळीनेच त्यांच्या 'सोमवंशीय मित्र'मध्ये पत्र लिहून आपली व्यथा मांडली. तिला वाट हवी होती, तिने ती मागितली. सुधारकांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी तिच्याकडे बघावं. विसूभाऊ, तुमचं मत बरोबर आहे, हे मी ठामपणे सांगते.

ओंकार
लावणीच्या फडांवर अश्लीलतेचे गुन्हे दाखल करतात त्याच्याही मी विरोधात आहे. कलावंत बाईला पोलीस ठाण्यात बसवून ठेवणं ही कुठली सुधारणा?

रोहिणी
ओंकार दादा, तो वेगळा विषय. इथे प्रथा बंद करणाऱ्या कायद्यांचं चाललंय.

दप्तरदार
रोहिणीताई, मथुराच्या वयाचा तुमचा प्रश्न योग्य आहे. त्याला माझ्याकडे तोड नाही. पण तुम्ही म्हणता त्यातच अडचण दिसते. मुरळीला दारिद्र्यातून सोडवायचं होतं आणि देवळाच्या गायिकेकडे जमीन होती, तरी कायद्याने दोघींना एकाच मापाने मोजलं.

मद्रासचं बघा. तिथे देवळाच्या सेवेबद्दल इनाम जमीन असायची. जोवर घरातली एक बाई देवाची सेवा करते तोवर जमीन त्या घराकडे. म्हणून जमिनीसाठी दर पिढीत एक मुलगी देवाला वाहायची, हे दुष्टचक्रच होतं. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी 1929 मध्ये हिंदू देवस्थान कायद्यात दुरुस्ती करून घेतली आणि जमीन सेवेच्या अटीतून मोकळी केली. म्हणजे मुलगी न वाहताही जमीन घरात राहणार. कल्पना अतिशय शहाणपणाची आहे, तिला मी मनापासून दाद देतो.

पण सेवेची अट गेल्यावर ती जमीन साधी खाजगी मिळकत झाली. पूर्वी 'ही बाई देवळात गाते' एवढ्यावर तिचा शब्द घरात अखेरचा असायचा. ते कारणच उरलं नाही. मुली लग्न होऊन जाऊ लागल्या आणि भाऊ कर्ते झाले. त्या समाजातले नाच शिकवणारे नट्टुवनार आणि नागस्वरम वाजवणारे पुरुष सुधारणेच्या बाजूने एवढे उत्साहाने का उभे राहिले, त्याचं एक कारण अभ्यासक इथेच शोधतात. सगळं कारण तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही.

मंजिरी
मी कर्नाटक संगीत शिकते म्हणून एक भर घालते. तुम्ही दोघं 'सुधारक' आणि 'त्या बायका' असे दोन गट पाडताय, पण मुत्तुलक्ष्मींची आई स्वतः देवदासी समाजातली होती. मूवलूर रामामिर्तम अम्माळ त्याच समाजातल्या, त्यांनी आयुष्यभर ही प्रथा बंद व्हावी म्हणून लढा दिला. आणि विरोधात उभ्या राहिलेल्या गायिका बंगळूर नागरत्नम्माही त्याच समाजातल्या. घरातलंच भांडण होतं हे.

नागरत्नम्मांनी तिरुवय्यारला संत-रचनाकार त्यागराजांच्या समाधीवर स्वतःच्या कमाईतून देऊळ बांधलं, 1926 मध्ये तिथे प्रतिष्ठापना झाली. आणि तिथल्या वार्षिक आराधनेच्या उत्सवात बायकांना गायला बंदी! पुरुषांचे दोन गट आपसात भांडत होते, बायकांना बसू न देण्यावर मात्र त्यांचं एकमत. बाईंनी 1927 पासून समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले तेव्हा कुठे बायका पुढे बसून गाऊ लागल्या. जिने देऊळ बांधलं तिलाच मागच्या बाजूला बसवलं, हे वाचताना माझा जीव अजून तुटतो. तरी देवाला मुली वाहणं बंद झालं ते बरंच झालं असंच मी म्हणेन. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र राहतात.

तंबोरा
रेडिओवरून या बायकांना माहिती मंत्री केसकरांनी घालवलं, हे कुणीच कसं लिहीत नाही? पेटीवर बंदी पण त्यांचीच.

दप्तरदार
अर्धं खरं. ज्यांचं खाजगी जीवन बदनाम आहे अशांना आकाशवाणीवर गाऊ देऊ नये, हा हुकूम 1946 नंतर सरदार पटेलांकडे माहिती खातं असताना निघाला. केसकर मंत्री झाले 1952 मध्ये. पेटीवरची बंदी तर त्याहून जुनी, 1940 ची. केसकरांनी सगळ्या कलावंतांच्या चाचण्या आणि श्रेणी यांचं प्रस्थ वाढवलं, त्यामुळे दोष त्यांच्या नावावर जमा झाला असावा.

तंबोरा
तारखेचं मान्य. पण फरक काय पडला? सरकारने गाणं ठेवलं आणि गाणारीला चारित्र्याचा दाखला विचारला. गंगूबाई हनगल 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गायल्या, गांधीजी समोर होते, पोरीचं वय अकरा. त्या पुढे सांगायच्या की तिथे गाताना धाकधूक एकच होती, गाणं झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना. व्यासपीठावर घेतलं म्हणजे मान दिला, असं विसूभाऊंना वाटत असेल तर त्यांनी त्या पोरीच्या जागी उभं राहून बघावं.

विसूभाऊ
तंबोरा, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. 'गाणं मैफलीत आलं' हे मी फार सहज लिहून गेलो. पण रोहिणीताईंच्या प्रश्नाला दप्तरदारांनी तोड नाही म्हटलंय, त्यामुळे माझं मूळ मत मी सोडत नाही.

गोंयची
मी गोव्याच्या कलावंत घरातली. माझी पणजी सोमवारी देवाच्या पालखीपुढे गायची. तिच्या कागदांवर बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, फक्त तिच्या आईचं. समाजाच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, मुली शाळेत घाला, लग्नं लावा, आणि पणजीने ते ऐकलं. आजी शिक्षिका झाली, रीतसर लग्न केलं. सही करताना नवऱ्याचं नाव ती पूर्ण लिहायची, आद्याक्षरावर कधी भागवलं नाही.

दप्तरदार म्हणतात ते आमच्याकडेही झालं. पणजीचं घर आजीच्या भावांच्या नावावर गेलं. कायद्याने आजीला वाटा होता, तिने हक्क सोडल्याची सही करून दिली. लग्न झालेली बाई भावांशी भांडत नाही, असं म्हणाली. ते घर बायकांनी गाऊन बांधलं होतं.

रोहिणी
गोंयची ताई, आजीला कधी खंत वाटली का हो?

गोंयची
घराची नाही. तिला विचारलं असतं तर ती तुमच्या बाजूने बोलली असती, मुलींची सुटका झाली असंच म्हणाली असती. मी गाणं शिकायचं म्हटलं तेव्हा तिने घरी मास्तर ठेवले, फी स्वतःच्या पेन्शनीतून दिली. पणजीकडून आलेल्या चिजा तिला येत होत्या. त्या मला शिकवायला मात्र ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. मास्तर चुकले की आतून हळूच तीच जागा बरोबर गुणगुणायची, आणि मी दाराशी गेले की गप्प व्हायची.