वजनातला टिंब तारखेपेक्षा महाग पडतो

> महाप्याहून जर्मनी आणि अमेरिका, दोन्हीकडे माल जातो. पॅकिंग लिस्टवर तारीख आणि वजन कसं लिहावं?

तारखेचं चटकन सुटतं. 05/06/2025 ही आपली ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरात लिहा: 05 Jun 2025. दिवस १२च्या पुढचा असला तर चूक लगेच कळते, त्याआधी कुणालाच शंका येत नाही.

खरी गोम वजनात आहे. 1.250 kg म्हणजे आपल्याला सव्वा किलो, पण जर्मनीत टिंब हजारासाठी वापरतात, त्यामुळे तिथे साडेबाराशे किलो वाचलं जाऊ शकतं. टिंबानंतर नेमके तीन अंक आले की हा घोळ होतो. 1.25 लिहिलंत तर तो हजार वाटत नाही. नाहीतर एकक बदला, 1250 g लिहा, म्हणजे चिन्हच नको.

मोठ्या आकड्यांत आपला लाखाचा स्वल्पविराम (1,25,000) बाहेर अनोळखी. तीन-तीन अंकांमध्ये जागा सोडून 125 000 लिहा. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा २००३चा ठरावही हेच सांगतो. ही जागा न तुटणारी हवी, नाहीतर ओळ संपताना आकडा दुभंगतो. एक्सेलमध्ये मात्र ती हाताने टाइप करू नका. आकड्याचा मजकूर होतो आणि बेरजेतून तो गुपचूप गळतो. तिथे फॉरमॅटनेच दाखवा.