रेल फेन्सला मराठीत काय म्हणाल? रुळांचं कुंपण नको!

शब्दवेडी: सांकेतिक लिपीवर मुलांसाठी लिहितेय. एका ठिकाणी 'रेल फेन्स' या गुप्त मजकूर लिहिण्याच्या पद्धतीचं भाषांतर 'रेल्वेचे कुंपण' वाचलं आणि अडखळले. आणि ट्रान्सपोझिशनला तरी नेमकं काय म्हणायचं, अक्षरबदल चालेल का?

जुना तारवाला: रेल्वेचा काही संबंध नाही हो. रेल म्हणजे आडवी लाकडी दांडी, अमेरिकेत अशा दांड्यांची नागमोडी कुंपणं घालायचे, मजकूर तसाच खालीवर लिहितात म्हणून ते नाव. अक्षरबदल मात्र नको, तो सब्स्टिट्यूशनचा अर्थ झाला. इथे अक्षर तेच राहतं, जागा बदलते. 'काका काल कामावर आले' घ्या, एक अक्षर वरच्या ओळीत, पुढचं खालच्या, असं लिहीत जा:

```
का  का  का  व  आ
  का  ल  मा  र  ले
```

आता वरची ओळ आधी वाचा मग खालची, काकाकावआकालमारले. 'का' आधी चारदा होता, आताही चारच. सब्स्टिट्यूशनमध्ये 'का'ऐवजी 'ठो' धरला तर चार 'ठो' दिसतील, म्हणजे आकडा टिकला पण 'का' गायब.

ओंकार_प: म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजून काहीच हाती लागत नाही, मग रेल फेन्स जास्त सेफ झाला ना?

जुना तारवाला: अर्धं बरोबर. मोजून अक्षर सापडत नाही, पण पद्धत ओळखता येते. लांब इंग्रजी मजकुरात e, t, a नेहमीसारखे भरपूर आणि q, z तुरळक दिसले, पण th सारख्या जोड्या मोडलेल्या असल्या की समजायचं, फक्त क्रम हलवलाय. मग दोन ओळी, तीन ओळी, चार असं लावून बघायचं, कागदावरसुद्धा थोड्या वेळात सुटतं. आपल्या दहा अक्षरांवर मात्र मोजणीचा भरवसा धरू नका, मजकूर फार छोटा आहे.

मावशी_साताऱ्याची: आम्ही लहानपणी च ची भाषा बोलायचो, पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा, कपाटाचं चपाटक! तीच ना ही?

जुना तारवाला: जागा बदलण्यापुरती तीच. पण तुम्ही प्रत्येक शब्दात एक च वाढवलात, मोजलं तर च एकदम वर येईल आणि भरती केलीय हे लगेच कळेल.

ओंकार_प: मी आत्ता प्रोग्रॅम लिहून हेच वाक्य टाकलं तर 'ककक' आलं आणि दुसरी ओळ नुसत्या कान्याने सुरू झाली, बिघडलं काय?

जुना तारवाला: कॉम्प्युटर क आणि काना वेगळे मोजतो, त्याने कानेसुद्धा स्वतंत्र हलवले. मोजणी तरीही बदललेली नाही बघा, पण वाचायला अक्षर उरलं नाही. आधी आख्खी अक्षरं तोडून घे आणि मग मांड.

शब्दवेडी: मग 'स्थानबदल' आणि 'नागमोडी मांडणी' लिहिते.

मावशी_साताऱ्याची: मला 'खालीवर लिपी' बरं वाटतं, पोरांना ऐकूनच कळेल.

जुना तारवाला: पण लिपी तर बदलतच नाही ना मावशी.